आधी फळ आडवं कापा

बँकॉकमध्ये चतुचकच्या प्रसिद्ध बाजाराजवळच 'ओर तोर कोर' नावाची सरकारी मंडई आहे. स्वच्छ, थोडी महाग आणि फळांच्या बाबतीत शहरातली अव्वल. पावसाळ्याच्या दिवसांत तिथे गेलात, तर एखाद्या गाळ्यावर तीन ढीग शेजारीशेजारी मांडलेले दिसू शकतात. तिन्हींत लिंबापेक्षा लहान किंवा लिंबाएवढी गोल फळं, तिन्हींचा रंग पिवळट ते मातकट आणि तिन्ही फळं घोसाने विकायला ठेवलेली. साल काढली की तिन्हींच्या आत पांढरट, अर्धपारदर्शक, रसाळ गर. आपले बहुतेक प्रवासी तिन्हींना 'लिचीसारखं काहीतरी' म्हणतात आणि पुढे जातात.

थाई लोक त्यांना लम्याय, लाँगकाँग आणि माफाय म्हणतात. गंमत अशी की या तिघांचं एकमेकांशी जवळचं नातं काहीच नाही. लम्याय हा रिठ्याच्या कुळातला, लाँगकाँग कडुनिंबाच्या आणि माफाय आवळ्याच्या. म्हणजे आपल्या परसातल्या तीन वेगवेगळ्या झाडांचे हे तीन परदेशी नातलग. कोणता कोणाचा हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, वनस्पतिशास्त्राची पदवीही लागत नाही. एक सुरी आणि तीन-चार बऱ्यापैकी फोटो पुरतात. अट एकच, बघायचं कुठे हे माहीत हवं.

आपण सहसा चुकीच्या जागी बघतो. पहिली नजर रंगावर जाते आणि मंडईत रंगाइतकं फसवं काही नाही. ताडपत्रीतून झिरपणारा उजेड, फळांवर मुद्दाम सोडलेले पिवळे दिवे आणि फळ किती पिकलंय, या तिन्हींनी रंग बदलतो. आकारमानाचंही तेच. पाणी कमी पडलं, घोसात फळं जास्त धरली, की फळ लहान राहतं. हंगाम हा एके काळी चांगला पुरावा होता. उत्तर थायलंडमधल्या लाम्फून आणि च्यांग माय भागातला लम्याय जुलै-ऑगस्टमध्ये यायचा. पण पोटॅशियम क्लोरेट मुळांशी दिलं की लम्यायला अवेळी मोहोर फुटतो हे बागायतदारांच्या लक्षात आल्यापासून तो जवळपास वर्षभर मिळतो. चवीवर तर मुळीच विसंबू नये. 'गोड, जरासं आंबट' हे वर्णन जगातल्या निम्म्या फळांना लागू पडतं.

जे सहजी बदलत नाही ते फळाच्या आत असतं. फळ म्हणजे फुलातल्या अंडाशयाची वाढ. त्या अंडाशयात किती कप्पे आणि बी कुठे चिकटलेलं, हा आराखडा फूल कळीत असतानाच ठरलेला असतो. पुढे फळ मोठं होवो, लहान राहो, आराखडा तोच राहतो. भेंडी चिरताना आपण हे रोज बघतो. प्रत्येक चकतीत पाच कप्पे आणि कप्प्याकप्प्यात मधल्या बाजूला चिकटलेल्या बिया. काकडीच्या चकतीत तीन भाग दिसतात. टोमॅटोत मात्र माणसाने फार ढवळाढवळ केली आहे. चेरी टोमॅटोत दोन कप्पे असतात, तर मोठ्या संकरित टोमॅटोत ते मोजायला बसावं लागतं. असे अपवाद असतात, पण ते बहुतेक करून आपल्याला आधीच ओळखीच्या असलेल्या भाज्यांमध्येच सापडतात.

कप्पे मोजायचे तर काप आडवाच हवा. फळाचा देठ वर धरायचा आणि कमरेवर सुरी फिरवायची. कप्पे देठाच्या अक्षाभोवती रचलेले असतात, म्हणून आडव्या चकतीत सगळे एका नजरेत येतात. लोक हमखास उभा काप घेतात, कारण फोड करायची सवय असते. उभ्या कापात पाचपैकी दोनच कप्पे दिसतात आणि एखादं बी नेमकं सुरीच्या वाटेत आलं नाही, तर फळ बिनबियांचं वाटतं. आणखी एक काळजी घ्यायची. आत टणक बी असण्याची शंका असेल, तर सुरी जोराने दाबू नये. ती बियावरून घसरते आणि बोट कापतं. अशा वेळी फक्त सालीला गोल चीर द्यायची, वरची अर्धी साल टोपीसारखी उचलायची आणि आतला गर अखंड असतानाच फोटो घ्यायचा.

आता आपले तीन ढीग घेऊ.

लम्यायची साल पातळ आणि कोरडी असते. नखाने दाबली तर कवचासारखी तडकते, सोलली जात नाही. फळं बारीक काटक्यांच्या फांदोऱ्यावर असतात, प्रत्येकाला स्वतःचा बारीक देठ. साल काढली की एकच अखंड गोळा निघतो. त्याला पाकळ्या नाहीत, फोडी नाहीत. आत एकच काळंभोर चकचकीत बी, त्यावर एक फिकट गोल डाग. गर बियाला चिकटलेला नसतो, दातांनी ओढला की सुटून येतो. हा गर म्हणजे बियाच्या बुडापासून उगवून बियाभोवती गुंडाळला गेलेला मांसल पडदा, लिचीत असतो तसाच. लम्याय, लिची आणि रामबुतान ही एकाच कुळातली भावंडं. पण कप्पा एकच कसा? मुळात अंडाशयाला दोन किंवा तीन भाग असतात, त्यातला बहुधा एकच वाढतो आणि बाकीचे खुरटतात. देठाजवळ नीट पाहिलंत तर त्या खुरटलेल्या भावंडाची बारीक गाठ बऱ्याचदा सापडते. घरात रिठे असतील तर एखादा हातात घ्या. त्यातही दोन-तीन फळं जोडलेली असतात, किंवा न वाढलेल्या जोडीदाराचा वण एका बाजूला दिसतो.

लाँगकाँगचा घोस पाहिला की वेगळेपण लगेच कळतं. मधल्या जाड दांड्याला फळं थेट आणि खेटून बसलेली, द्राक्षांपेक्षाही दाट. प्रत्येक फळाच्या देठाशी फुलाची जाडसर हिरवट-तपकिरी टोपी शिल्लक असते. साल मऊ, बोटाने सोलता येणारी. आडव्या कापात पाच फोडी दिसतात आणि त्या सारख्या आकाराच्या नसतात, ही त्याची खरी खूण. एखादी फोड ऐसपैस आणि तिच्यात हिरवट बी, बाकीच्या लहान आणि बहुधा बिनबियांच्या. गर बियाला घट्ट चिकटलेला. चुकून बी चावलं तर कडूजहर. कडुनिंबाचं कुळ इथे आपली ओळख पटवून देतं. कडुनिंबाच्या निंबोणीत एकच बी असतं, म्हणून पाचाचं साम्य तिच्यात शोधू नका. ते बकाण निंबाच्या आठळीत सापडतं. ती आठळी बाहेरून पाच-सहा कंगोऱ्यांची असते आणि आतून कप्प्याकप्प्यांची.

माफाय तिघांत सर्वांत कमी दिसतो. झाडाच्या खोडावरून आणि जाड फांद्यांवरून त्याच्या लांब माळा लोंबतात, त्यामुळे घोस सैल असतो आणि फळांमध्ये अंतर असतं. साल गुळगुळीत, बऱ्यापैकी जाड, चामड्यासारखी लवचिक. आडवा काप घेतला की साधारण तीन फोडी, कधी दोन, कधी चार. त्या जवळजवळ सारख्या आणि प्रत्येकीत चपटं बी. गर त्या बियाला इतका चिकटून असतो की चोखूनच खावा लागतो. आता एक आवळा आठवून बघा. आवळ्याची आठळी फोडली की आत तीन कप्पे आणि कप्प्यात दोन-दोन बिया निघतात. तोच तीनाचा हिशोब इथे आहे. माफाय आपल्या देशालाही परका नाही. आसामात तो लेटेकू म्हणून मिळतो, त्रिपुरा आणि बंगालच्या बाजूला त्याला लटकन म्हणतात. महाराष्ट्राच्या बाजारात मात्र तो येत नाही.

थोडक्यात हिशोब असा बसतो. गोळा अखंड आणि बी एकच काळं, तर लम्याय. पाच लहानमोठ्या फोडी, तर लाँगकाँग. तीन सारख्या फोडी आणि प्रत्येकीत बी, तर माफाय.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते सांगतो. माझी पुतणी नोकरीनिमित्त बँकॉकला असते. तिने एकदा घरच्या ग्रुपवर एका ढिगाचा फोटो टाकला, 'ओळखा पाहू'. अर्ध्या तासात उत्तरं आली. तिची आत्या म्हणाली, लहान चिकू. एक जण म्हणाला, वाळायला आलेली लिची. आमच्या आईचं मत, कच्ची सुपारी. त्या फोटोवरून तिघांपैकी कोणालाच खोटं पाडता आलं नसतं. ढीग वरून टिपलेला, सगळ्या फळांचे देठ खाली गेलेले आणि वर पिवळा दिवा. मी तिला फोन केला.

"एक घोस विकत घे आणि दांडा दिसेल असा हातात धर."

"धरला. काका, फळं दांड्याला अगदी चिकटून आहेत. देठ असा नाहीच."

तिथेच चिकू आणि सुपारी बाद झाले आणि लम्यायही संशयापुरताच उरला. मग तिने घरी जाऊन एक फळ आडवं कापलं आणि खिडकीपाशी ठेवून फोटो पाठवला. पाच फोडी. त्यात एक चांगली मोठी, तिच्या कडेला हिरवं बी. उरलेल्या चारांत बी नाही. माफायही गेला. कूळ ठरलं, पण काम संपलं नव्हतं. थायलंडच्या बाजारात याच झाडाचे दोन प्रकार विकले जातात, लांगसात आणि लाँगकाँग. कापलेल्या चकतीवरून ते वेगळे सांगता येत नाहीत, कारण दोघांचा आराखडा एकच. इथे साल कामाला आली.

"सालीला नख मार आणि चीक येतो का बघ."

"फारसा नाही. बोट जरासं ओलं झालं, चिकट नाही."

लांगसातची साल पातळ असते आणि तिच्यातून चीक येतो, सोलताना बोटं चिकट होतात. लाँगकाँगची साल त्यामानाने जाड, चीक अगदी कमी आणि बियाही कमी. तेव्हा निकाल लाँगकाँग. दुसऱ्या दिवशी तिने गाळ्यावरच्या पाटीचा फोटो एका थाई सहकाऱ्याला दाखवला. त्याने वाचून दाखवलेलं नाव तेच होतं. पाटीचा फोटो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता असं कोणी म्हणेल, आणि तो घ्यावाच. पण मंडईत ढीग हलतात आणि पाट्या तिथेच राहतात, हेही ध्यानात असू द्यावं.

फळ कापायच्या आधी बाहेरून करायची एक परीक्षा आहे आणि ती फार कमी लोक करतात. फुलाच्या हिरव्या टोपीचे अवशेष कुठे आहेत ते बघायचं, देठाशी की विरुद्ध टोकाला. वांग्याची टोपी देठाशी असते. पेरूची आणि डाळिंबाची ती खालच्या टोकाला असते, डाळिंबाचा मुकुट म्हणतो तो तोच. अंडाशय फुलाच्या बाकीच्या भागांच्या वर होतं की खाली, यावर हे ठरतं, म्हणून संबंध कुळाकुळांना ही खूण लागू पडते. बँकॉकच्या मंडईत घंटेच्या आकाराचं, मेणासारखं चकाकणारं गुलाबी फळ दिसतं. ते उलटं करून बघा. बुडाशी चार जाड मांसल पाकळ्या आत वळलेल्या असतात. टोपी खाली, म्हणजे पेरूच्या घराण्याकडे जायचं. तो आपल्या कोकणातल्या जामाचा भाऊ.

मँगोस्टीनची टोपी देठाशी असते आणि शिवाय त्याच्या बुडाला फुलासारखी एक चपटी नक्षी दिसते. ती फुलाच्या कुक्षीची खूण. तिच्या पाकळ्या मोजा आणि मग फळ उघडा. जितक्या पाकळ्या तितक्याच आत पांढऱ्या फोडी निघतात. न कापता आतली मोजणी बाहेर देणारं फळ माझ्या माहितीत हे एवढंच. त्याचा आपल्याकडचा नातलग म्हणजे कोकम. जाड जांभळट साल आणि आत फोडींचा गोळा ही रचना कोकम फोडणाऱ्या बायकांना वेगळी सांगायला नको.

काटेरी फळांची गोष्ट थोडी निराळी आहे. ड्युरियन पाहून मराठी माणूस 'लहान फणस' म्हणतो. काप घेतला की ते म्हणणं टिकत नाही. फणसाच्या आत मधोमध जाड दांडा असतो, त्याभोवती गरे आणि गऱ्यांच्या मध्ये चिवट तंतू. फणस हे एका फुलाचं फळच नव्हे. शेकडो फुलांचा तुरा एकत्र वाढून तो होतो. प्रत्येक गरा एका फुलाचा आणि ते तंतू म्हणजे न फळलेली फुलं. ड्युरियन मात्र एकाच फुलापासून होतो. त्यात मधला दांडा नाही. साधारण पाच मोठे कप्पे असतात आणि पिकलं की फळ कप्प्यांच्या रेषेवर आपोआप उकलायला लागतं. विक्रेते काट्यांमधली ती रेषा शोधूनच सुरीचं टोक घालतात. पाच कप्पे, प्रत्येकात बियांची रांग. आजची वर्गवारी ड्युरियनला भेंडी आणि कापसाच्याच कुळात घालते. भेंडीची चकती डोळ्यांसमोर ठेवलीत तर आश्चर्य वाटणार नाही.

पण सुरीचाही कुठेतरी शेवट होतो. दक्षिण थायलंडमध्ये चंपडा नावाचं फळ मिळतं. त्याचा आडवा काप आणि फणसाचा आडवा काप शेजारी ठेवले तर जाणकारही चाचरेल. दांडा तोच, गरे तसेच, कारण दोन्ही एकाच प्रजातीगटातले सख्खे. इथे पुन्हा बाहेर यावं लागतं. चंपडा लहान आणि लांबोडका असतो, त्याचे काटे दबलेले असतात आणि वास फणसापेक्षा खूप उग्र. पिकलेल्याची साल सोडवून घेतली तर गरे सगळे दांड्याला लटकलेले वर निघतात. यातल्या वासाचा तर फोटो निघत नाही. म्हणून अशा वेळी लिहून ठेवावं आणि तेवढं लिहिलं तर पुढचा माणूस ओळखू शकतो.

भाज्यांनाही हाच नियम चालतो. थाई रश्श्यात टाकायचे वाटाण्याएवढे हिरवे गोळे घोसाने विकायला असतात. देठाशी चांदणीसारखी टोपी आणि एक गोळा आडवा कापला तर दोन कप्प्यांत खच्चून भरलेल्या बारीक चपट्या बिया. वांगी, टोमॅटो, मिरचीचं घराणं, दुसरं काही असूच शकत नाही. मात्र हे सगळं गाळ्यावर खायला विकल्या जाणाऱ्या मालापुरतं आहे. त्याच वांग्याच्या घराण्यात धोत्राही आहे. रानात दिसलेलं फळ कूळ ओळखलं म्हणून तोंडात घालू नये.

तेव्हा कोणाला विचारायला फोटो पाठवणार असाल, तर एवढे पाठवा. पहिला, घोस किंवा फळ देठासकट, कडेने. दुसरा, फळाचं देठाकडचं टोक, आणि तिसरा विरुद्ध टोक. चौथा आडव्या कापाचा, कापल्याकापल्या, कारण गर पाचेक मिनिटांतही तपकिरी पडू शकतो. पाचवा, बी धुऊन पुसून एखाद्या नाण्याशेजारी ठेवलेलं, म्हणजे आकार कळेल. दिव्याखाली नको, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात. सोबत साल तडकते की सोलली जाते, चीक येतो का आणि गर बियापासून सुटतो का, या तीन ओळी लिहा. आणि कापाकापी विकत घेतलेल्या फळाची, विक्रेत्याच्या ढिगातल्या नव्हे.

राहता राहिलं बी घरी आणून लावायचं. शेती असलेल्या पुष्कळांना तो मोह होतो. परदेशातून लावणीसाठी बी आणायला २००३च्या केंद्रीय आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, खिशातून आणणं बेकायदा आहे. शिवाय लाँगकाँग, मँगोस्टीन, ड्युरियन यांच्या बिया सुकल्या की मरतात. सामानातून आठवडाभर फिरून आलेलं बी उगवत नाही.